भेटायला जाताना लाइव्ह लोकेशनवर किती विसंबावं?

*मी कोथरूडला राहते. ऑनलाइन जाहिरात बघून कॅमेऱ्याची एक सेकंड-हँड लेन्स घ्यायची ठरवली आहे, 42 हजारांत. विकणारा वाकडचा आहे, ओळखीचा नाही. तो म्हणतो, ‘रविवारी चार वाजता या, मी लाइव्ह लोकेशनची लिंक पाठवतो, ती बघत सरळ घरी या. तुमचंही पाठवा, म्हणजे मला कळेल.’ मी कॅबने जाणार आहे. कॅबची ट्रिप लिंक आणि माझं लाइव्ह लोकेशन कोल्हापूरच्या ताईला पाठवून ठेवीन. एवढं पुरेसं आहे का? त्याच्या लिंकवर विश्वास ठेवू का?*
*– एक वाचक, पुणे*

त्याच्या लिंकवर नको. ताईला पाठवणार आहात तिचा उपयोग आहे, पण तुम्ही धरून चालला आहात त्यापेक्षा कमी, आणि तोही काही गोष्टी आधी ठरवल्या तरच. आधी त्याच्या लिंकचं बघू.

व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन ही मुळात लिंक नसते. चॅटमध्येच नकाशाचा छोटा चौकोन येतो, त्याखाली ‘Live until’ आणि वेळ लिहिलेली असते. दाबलं की नकाशा व्हॉट्सअ‍ॅपच्या आतच उघडतो. गुगल मॅप्सवरून पाठवलेली मात्र खरोखर लिंक असते. तिची सुरुवात साधारण `https://maps.app.goo.gl/` अशी असते, पण एखाद्या दुकानाचा साधा पत्ता मॅप्सवरून पाठवला तरी सुरुवात तशीच दिसते. म्हणजे लिंक गुगलची आहे एवढ्यावरून ती ‘लाइव्ह’ आहे असं ठरत नाही. उघडल्यावर माणसाचं नाव किंवा फोटो असलेला ठिपका दिसला तर लाइव्ह, नुसती लाल खूण दिसली तर तो फक्त पत्ता.

या दोन्हींखेरीज तिसरंच काही आलं, म्हणजे कधी न पाहिलेल्या नावाची वेबसाइट असली, तर तिथे थांबा. अशा बनावट पानांचं काम उलटं असतं. दुसऱ्याचं ठिकाण दाखवायच्या नावाखाली ती तुमच्या ब्राउझरकडे तुमच्या ठिकाणाची परवानगी मागतात. तुम्ही ‘Allow’ दाबलं की तुमच्या घराचा नकाशा समोरच्याच्या हातात जातो. ओळखायची खूण सोपी आहे. दुसरा माणूस कुठे आहे हे बघायला तुमचं लोकेशन लागत नाही. पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही आणि कुठलंही अ‍ॅप किंवा एपीके फाइल उतरवून घ्यावी लागत नाही. परवानगी मागितलीच तर नकार द्या. खरी लिंक नकार दिल्यावरही नकाशा दाखवते, खोटी तिथेच अडून बसते.

समजा, आलेलं लोकेशन अगदी खरं आहे, व्हॉट्सअ‍ॅपचंच आहे. तरी त्यातून तुम्हाला एवढंच कळतं की ज्या फोनवर ते व्हॉट्सअ‍ॅप चालू आहे तो फोन सध्या त्या जागी आहे. फोन कोणाच्या हातात आहे, त्या माणसाचं खरं नाव काय, तो एकटा आहे की आणखी कोणी सोबत आहे, यातलं काहीही कळत नाही. आणि फोनचं ठिकाणही खात्रीचं नाही. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप बनवणाऱ्यांना चाचणीसाठी दिलेली एक सोय असते. तिच्या आधारे फोनला खोटं ठिकाण सांगता येतं आणि बरीच अ‍ॅप्स ते खरंच मानून पुढे पाठवतात. नकाशावरचा ठिपका बघून हे ओळखता येत नाही, म्हणून त्या तपासात वेळ घालवू नका.

मला जास्त काळजी वाटते ती त्या ‘बघत सरळ घरी या’ची. ठिपक्यामागे जायचं म्हटलं की भेटीची जागा ठरवण्याचा हक्क तुमच्या हातून जातो. तुम्ही निम्म्या वाटेवर असताना ठिपका दोन गल्ल्या पुढे सरकतो. मेसेज येतो, ‘गाडी इथे लावलीय, जरा पुढे या.’ मग आणखी थोडं. प्रत्येक वेळी अंतर दोनशे-तीनशे मीटरच असतं, त्यामुळे नाही म्हणायला जीभ रेटत नाही. शेवटी तुम्ही जिथे उभ्या राहता ती जागा तुम्ही निवडलेली नसते आणि ताईला सांगितलेलीही नसते. म्हणून जागा शब्दांत ठरवा, नावानिशी. वाकड आणि कोथरूडच्या मधे औंध पडतं. परिहार चौकाजवळचा एखादा गजबजलेला कॅफे सांगा, ज्याला मोठ्या खिडक्या आहेत. लेन्सची काच आणि आतली बुरशी बघायला उजेड लागतो आणि बॉडीला लावून बघायला टेबल लागतं, त्यामुळे हा आग्रह त्यालाही विचित्र वाटायचं कारण नाही. शिवाय स्वच्छ सांगा: ‘जागा बदलली तर मी परत जाईन.’ आणि बदलली तर खरंच परत जा.

औंधला यायला तो तयार नसेल तर तुमचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं. 42 हजारांचा सौदा करणाऱ्याला सात-आठ किलोमीटर जड नसतात.

त्याची खात्री करून घ्यायला लोकेशनपेक्षा बऱ्या वाटा आहेत. सकाळी पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा आणि लेन्स हातात धरून तिच्यावरचा सिरीयल नंबर दाखवायला सांगा. चेहरा, आवाज आणि वस्तू एकत्र दिसतात. यूपीआय अ‍ॅपमध्ये त्याचा नंबर टाकला तर पैसे न पाठवताही बँकेतलं नाव दिसतं. त्याने सांगितलेलं नाव आणि ते नाव जुळतं का बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट ताईला पाठवा. नाव जुळलं म्हणजे माणूस चांगला असं नाही, पण पुढे त्याला शोधायचं झालं तर हा धागा खरा असतो. रोख रक्कम नेऊ नका.

तुमचं लाइव्ह लोकेशन त्याला पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅप 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास असे तीनच पर्याय देतं. गडबडीत 8 तास दाबलं गेलं तर भेट उरकून तुम्ही कोथरूडला कुठल्या इमारतीत शिरलात हे तो रात्री अकरापर्यंत बघू शकतो. निघताना पाठवलं तर सुरुवातीचा ठिपकाच तुमच्या घरावर असतो. ‘दोघांनी पाठवू, म्हणजे बरोबरी’ असं तो म्हणेल, पण ही बरोबरी नाही. तुम्हाला त्याचं घर माहीत असून उपयोग नाही, त्याला तुमचं घर कळलं तर धोका आहे. कॅफेचा पत्ता पाठवा आणि पोचल्यावर फोन करा. त्याला तेवढं पुरतं.

आता ताईला पाठवायच्या लोकेशनकडे येऊ. इथे एक चूक फार जण करतात, ते ट्रिप लिंकवरच विसंबतात. कॅबची ट्रिप लिंक ट्रिप चालू असेपर्यंतच चालते. ड्रायव्हरने ट्रिप संपवली की ती बंद. गुगल मॅप्सवर रस्ता लावून ‘Share trip progress’ पाठवलं तरी तेच, पोचलात की शेअरिंग थांबतं. म्हणजे रस्त्यात ताई तुम्हाला बघत असते आणि अनोळखी माणसासमोर बसल्या क्षणी तिच्या नकाशावरून तुम्ही नाहीशा होता. ट्रिप लिंक जरूर पाठवा, ती गाडीच्या प्रवासापुरती आहे. भेटीसाठी व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन वेगळं सुरू करा, तेही घरातून निघण्याआधी आणि 8 तासांचं. 1 तासाचं केलं तर रस्त्यात अर्धा-पाऊण तास जातो आणि कॅफेत बसल्यावर पंधरा ते तीस मिनिटांत ते आपोआप संपतं.

ताईच्या चॅटमध्ये अ‍ॅटॅचमेंटच्या खुणेवरून ‘Location’, मग ‘Share live location’ एवढंच करायचं असतं. पण फोनची सेटिंग चुकीची असेल तर ते नुसतं दिसतं, चालत नाही. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपच्या लोकेशन परवानगीत ‘Allow all the time’ असायला हवं. ‘अ‍ॅप वापरताना’ एवढीच परवानगी असली तर फोन पर्समध्ये टाकल्यावर ठिपका अडकू शकतो. त्याच पानावर ‘Use precise location’ चालू आहे ना बघा. ते बंद असेल तर फोन मुद्दाम ढोबळ ठिकाण सांगतो, औंध की बाणेर एवढाच फरक कळेल. आयफोनवर हेच ‘Always’ आणि ‘Precise Location’ या नावांनी आहे. बॅटरी सेव्हर बंद ठेवा. काही कंपन्यांचे अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप्स स्वतःहून बंद करतात, तिथे बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सअ‍ॅपवरचं बंधन काढावं लागतं.

हे सगळं जमलं का ते शनिवारी संध्याकाळी करून बघा. लोकेशन सुरू करा, स्क्रीन बंद करून फोन पिशवीत टाका, वीस मिनिटं बाहेर फिरून या. मधल्या वेळेत फोनला हात लावू नका. ताईला तुमचा रस्ता नीट दिसला तर रविवारीही दिसेल. अडकत अडकत दिसला तर सेटिंग दुरुस्त करायला एक दिवस हातात आहे.

सगळं नीट चालतं तेव्हाही त्या ठिपक्याला मर्यादा आहेत. उघड्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत बरोबर सांगतं. इमारतीत शिरलात की उपग्रहांचे सिग्नल अडतात आणि फोन आसपासच्या वाय-फाय आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो, मग ठिपका शेजारच्या इमारतीवरही जाऊन बसतो. आणि मजला तर तो सांगतच नाही. समजा तुम्ही वाकडला त्याच्या घरी गेला असतात. चार विंग, प्रत्येकी चौदा मजले. नकाशावर तो सगळा एकच निळा ठिपका. ताईने पोलिसांना तो दाखवला तरी दार कुठलं ठोठावायचं? म्हणून घरी न जाण्याचं हे एक अगदी व्यवहारी कारण आहे. कधी कुठल्या इमारतीत जावंच लागलं तर लिफ्टमध्ये शिरण्याआधी, नेट असतानाच ‘बी विंग, 902’ असा मेसेज टाकायचा. तेवढे शब्द नकाशापेक्षा जास्त कामाचे.

लोकेशन स्वतःहून कोणाला हाक मारत नाही. ठिपका दोन तास थांबला तरी ताईच्या फोनची घंटी वाजत नाही. तिने बघितलं तरच, आणि बघितलेलं कळलं तरच त्याचा उपयोग. तर ताईला आधी हे वाचायला शिकवा. ठिपका हलत नाही, पण ‘Updated’पुढची वेळ ताजी आहे, म्हणजे तुम्ही एका जागी बसला आहात, सगळं ठीक. ती वेळ दहा-पंधरा मिनिटं जुनी आहे, तर फोन गप्प झालाय. अशा वेळी तिने तुम्हाला एक साधा मेसेज टाकावा. एकच टिक आली तर फोन बंद आहे किंवा नेट नाही. दोन टिका आल्या तर बहुधा फोनला नेट आहे, अडकलंय ते फक्त लोकेशन. आणि ‘Live location ended’ असं दिसलं, तर वेळ संपायच्या आत कोणीतरी ते हाताने बंद केलंय. तुम्ही कधीच बंद करणार नाही असं आधी ठरलेलं असेल तर हा इशारा सर्वात स्पष्ट.

दुसरं म्हणजे वेळापत्रक, आणि ते लिहून ठेवायचं. तुमच्यासाठी असं जमेल. सव्वातीनला लोकेशन सुरू. पावणेचारला कॅफेत पोचल्यावर ताईला मेसेज, आणि ताईने तेव्हाच नकाशाचा स्क्रीनशॉट घ्यायचा, कारण शेअरिंग बंद झाल्यावर तो नकाशा पुन्हा बघायला मिळेलच असं धरून चालू नये. चार वीसला ताईचा फोन. मेसेज नको, फोनच, कारण ‘हो, ठीक आहे’ हे कोणीही टाइप करू शकतं. फोनवर तिने विचारायचं, ‘आईचं औषध घेतलंस का?’ सगळं ठीक असेल तर उत्तर ‘घेतलं’. ‘राहिलं गं’ म्हणालात तर तिने समजायचं. अशी वाक्यं घरगुती असावीत, समोरच्याच्या कानाला खटकू नयेत.

उत्तर आलं नाही तर तीन मिनिटांनी पुन्हा फोन. तरीही नाही, तर चार पंचविसाला दुसऱ्या माणसाला. हा दुसरा माणूस पुण्यातलाच हवा. कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. ताई बघू शकते, येऊ शकत नाही. औंध-बाणेर भागातली एखादी मैत्रीण तासभर मोकळी राहिली तर दहा मिनिटांत कॅफेत डोकावेल. खरं तर ती शेजारच्या टेबलावर कॉफी घेत बसली तर या सगळ्या तंत्राहून ते बरं. ती तिथे पोचली आणि तुम्ही दिसला नाहीत, किंवा ती पोचू शकत नसेल आणि चार पस्तीसपर्यंत फोन लागला नाही, तर 112. ठिपका कॅफे सोडून न ठरलेल्या दिशेला चालू लागला तर यातलं काही मोजत बसायचं नाही. एक फोन, उचलला नाही तर लगेच 112.

ताई हा फोन कोल्हापुरातून करणार, म्हणून तिने पहिलं वाक्य पाठ करून ठेवावं: ‘मी कोल्हापुरातून बोलते आहे, पण घटना पुण्यात औंधला आहे.’ तसं नाही सांगितलं तर समोरचा माणूस फोन जिथून आला तिथला पत्ता विचारत बसेल. महाराष्ट्रात 112 ची व्यवस्था राज्यभर एकच असल्याने तिचा फोन पुढे पुण्याकडे देता येतो. बघणारी व्यक्ती बेंगळुरूला किंवा परदेशात असती तर 112 तिथल्याच यंत्रणेला लागला असता, तेव्हा फोन पुण्यातल्या मैत्रिणीनेच करायचा. आणि नुसतं ‘पुणे’ म्हणू नये. औंध पुणे शहर पोलिसांकडे येतं, वाकड पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे. ठिपका वाकडकडे सरकत असेल तर तेही तिने सांगायला हवं. त्यानंतर त्याचा नंबर, बँकेतलं नाव, शेवटचं बोलणं किती वाजता झालं आणि तुमच्या कपड्यांचा रंग. हे सगळं निघण्याआधी एका मेसेजमध्ये तिच्याकडे गेलेलं असावं.

तुमच्या दोघींकडे आयफोन असतील आणि त्यात आयओएस 17 किंवा पुढची आवृत्ती असेल, तर मेसेजेसमधलं ‘Check In’ वापरून बघा. त्यात वेळ लावता येते आणि त्या वेळी तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर फोन स्वतःहून ताईला कळवतो, शेवटचं ठिकाण आणि बॅटरीसकट. नुसत्या लाइव्ह लोकेशनमध्ये जी उणीव आहे ती इथे भरून निघते. चार वीसचा फोन मात्र तरीही ठेवा.

निघताना बॅटरी 80 टक्क्यांच्या वर हवी आणि पॉवर बँक सोबत. लोकेशन, नेट आणि कॉल तिन्ही चालू असले की जुन्या फोनची बॅटरी भराभर उतरते आणि बंद पडलेला फोन आणि बंद केलेला फोन ताईला सारखेच दिसतात. कमी राहिली तर आधीच कळवा: ‘बॅटरी 15, फोन बंद पडला तर साडेपाचला घरून बोलते.’

परत येताना लेन्स हातात असली तरी लगेच लोकेशन बंद करू नका, परतीच्या कॅबमध्येही ते चालू राहू दे. घरात शिरलात, दार लावलंत, ताईशी बोललात की मग ‘Stop sharing’. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘Settings’मध्ये ‘Privacy’ आणि त्यात ‘Live location’ उघडा. तुमचं लोकेशन आत्ता कोणाकोणाला दिसतंय त्याची यादी तिथे असते. घाईत ते त्याच्या चॅटमध्ये किंवा एखाद्या ग्रुपमध्ये गेलं असेल तर तिथे दिसेल आणि तिथूनच थांबवता येईल.